आत्यासाठी दुभाषी म्हणून बसायचंय, डॉक्टर इंग्रजीत बोलणार. सगळं जसंच्या तसं सांगायचं का?

घाटमाथा_विटा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी आत्या, वय ६३, खानापूर तालुक्यात विट्याच्या पुढं गाव आहे तिचं. लहानपणी सांधे धरायचा ताप आला होता, त्यातून हृदयाचा एक वॉल्व्ह खराब झालाय असं मिरजेत इको केल्यावर कळलं, आणि आता बदलायलाच लागणार म्हणतायत. आतेभाऊ बंगळूरला नोकरीला आहे म्हणून तिथल्याच एका हॉस्पिटलात दाखवायचं ठरलंय. सर्जन केरळचे आहेत, इंग्रजी बोलतात, हिंदी जेमतेम. आत्याला मराठीशिवाय काही येत नाही. आतेभावाला त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून दुभाषी मी. ऑफिसात रोज इंग्रजी बोलतो त्यामुळं भाषेची भीती नाही, पण असं मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचं काम कधी केलेलं नाही.

खरी अडचण पुढं आहे. भावाने आधी फोनवर विचारून ठेवलंय, वॉल्व्ह दोन प्रकारचे असतात. एक धातूचा, तो टिकतो पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. दुसरा जनावराच्या ऊतीचा, म्हणजे गाईच्या नाहीतर डुकराच्या, त्याला गोळी कमी दिवस पण १०-१५ वर्षांत तो झिजतो. निवड पेशंटनं करायची आहे. आता आमची आत्या माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणारी. आत्याचे मिस्टर म्हणजे आमचे मामा मला बाजूला घेऊन म्हणाले की "गाईचं आहे ते बोलायचं नाही, आणि ऑपरेशनमध्ये माणूस जाऊ शकतो तेपण बोलायचं नाही, ती घाबरून परत गावाला येईल, तू शहाणा आहेस, जरा गाळून सांग."

मामांचं वय, त्यांची काळजी, सगळं कळतं मला. पण डॉक्टर एक बोलणार आणि मी तिला दुसरं सांगणार हे मनाला पटत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, नक्की कसं बसायचं, कसं बोलायचं, आणि मामांना काय सांगायचं.

सांगलीवाला_७

भावा टेन्शन घेऊ नको. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायचं, आपल्या मनातलं काहीही घालायचं नाही, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही. आणि नेहमी "ती असं म्हणते", "डॉक्टर असं म्हणतात" असंच बोलायचं म्हणजे कोण बोललं ते कळतं. शिवाय वारीला जाणाऱ्या बायकांना हिंदी थोडंफार समजतंच, टीव्ही बघून पण येतं, तर डॉक्टरांना म्हण की जमेल तेवढं हिंदीत डायरेक्ट बोला, अडलं तिथं मी आहे. मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करून घे, नंतर ऐकता येतं.

रेखा_मिरज

आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, डिस्चार्जचे सगळे कागद इंग्रजीत आणि विमावाल्यांना मराठीतली एक नोंद इंग्रजीत करून हवी होती. आम्ही मिरजेतल्या एका भाषांतर करणाऱ्यांकडून करून घेतलं, सही शिक्क्यासकट. तुम्हाला रेट पाहिजे असेल तर विचारून सांगते. कागद स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालतात त्यांना.

घाटमाथा_विटा

रेखाताई, धन्यवाद, पण कागदांचं नाही हो, समोरासमोर बोलताना मध्ये बसायचं आहे. कागदाची गरज पुढं विम्याला लागेल तेव्हा नक्की विचारतो.

वाईची_मीनल

मी मूळची वाईची, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि हेच काम करते, हॉस्पिटलात आणि फोनवर मराठी, हिंदीचं दुभाषी काम. इकडे सरकारी आरोग्यसेवेत पेशंटला दुभाषी फुकट मिळतो आणि नातेवाइकाला त्या कामाला बसवू नका असंच सांगितलं जातं. कारण नातेवाईक वाईट असतो म्हणून नाही, तर त्याला पेशंटची काळजी असते म्हणून. तुमचे मामा जे म्हणतायत तेच प्रत्येक घरात म्हटलं जातं. पण तुमच्याकडे दुसरा माणूस नाही, तर नातेवाईक असूनही ते काम नीट कसं करायचं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे खोलीत जायच्या आधी आत्याला एकटीला घेऊन बसा आणि स्वच्छ सांगा: "आत जे काही बोललं जाईल ते सगळं मी इकडून तिकडे सांगणार. तू बोललीस ते डॉक्टरांना, डॉक्टर बोलले ते तुला. 'हे त्यांना सांगू नको' असं मला आत म्हणायचं नाही, कारण ते पण मी सांगेन. काही सांगायचं नसेल तर ते बोलूच नको, नाहीतर आत्ता बाहेर मला सांग, आपण ठरवू." हे आधी झालं नाही की काय होतं ते मी कितीदा बघितलंय. डॉक्टर विचारतात आणखी कुठली औषधं घेता का, पेशंट मान हलवून नाही म्हणते आणि हळूच मराठीत म्हणते "गुडघ्यासाठी गावातल्या डॉक्टरकडची गोळी घेते पण हे रागावतील, नको सांगू". आता दुखण्याच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र म्हणजे रक्तस्रावाची भीती, डॉक्टरांना कळायलाच पाहिजे. तुम्ही सांगितलं तर आत्याचा विश्वास गेला, नाही सांगितलं तर आत्याचा जीव धोक्यात. हा पेच आधीच्या त्या दोन मिनिटांच्या बोलण्यानं टळतो.

दुसरं, आत गेल्यावर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगायचं की मी यांचा भाचा आहे, आज दोन्हीकडचं बोलणं मी पोचवणार आहे, कृपया तुम्ही त्यांच्याकडे बघून थेट त्यांच्याशी बोला, दोन-तीन वाक्यांनंतर थांबा, आणि मला भाचा म्हणून काही विचारायचं असेल तेव्हा मी तसं सांगून विचारेन. खुर्ची आत्याच्या बाजूला, किंचित मागे घ्या. तुम्ही दोघांच्या मध्ये बसलात की डॉक्टर तुमच्याशीच बोलायला लागतात आणि आत्या तिथंच बसलेली असूनही तिच्याबद्दल "शी, हर" चालू होतं.

तिसरं, सांगलीवाले म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. आपल्या मनातलं घालायचं नाही हे एकदम बरोबर. पण शब्दाला शब्द नाही, अर्थाला अर्थ. आणि "ती म्हणते" नको. आत्या म्हणाली "मला धाप लागते" तर तुम्ही इंग्रजीत पण "मला" असंच म्हणायचं, पहिल्या पुरुषात. "ती म्हणते तिला धाप लागते" असं सुरू केलं की थोड्या वेळानं माणूस आपोआप सारांश सांगायला लागतो, "ती म्हणतेय की बरं वाटत नाही", आणि त्यात धाप कधी, कशानं, किती वेळ, सगळं उडून जातं. अमेरिकेत २००३ साली मुलांच्या दवाखान्यातल्या दुभाष्यांवर एक अभ्यास छापून आला होता, त्यात एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या आणि सगळ्यात जास्त चुका गाळण्याच्या होत्या. चुकीचा शब्द वापरण्याच्या नव्हे, गाळण्याच्या. तुमचे मामा तर आधीच गाळायला सांगतायत.

हिंदीचं म्हणाल तर नमस्कार, कसं वाटतंय, एवढं होऊ द्या, तिला बरं वाटेल. पण धोका आणि निवड याचं बोलणं अर्धवट येणाऱ्या भाषेत नको. माणूस "हां हां" म्हणत राहतो आणि समोरच्याला वाटतं समजलं. आणि रेकॉर्डिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

घाटमाथा_विटा

मीनलताई, खूप आभार. दोन शंका. एक, पहिल्या पुरुषाचं इंग्रजीत ठीक आहे, पण मराठीत डॉक्टरांचं बोलणं मी "तुम्ही असं करा" म्हणून सांगितलं की आत्याला वाटेल मीच सांगतोय. लहानपणापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढलोय, तिला अगंतुगं करतो, ती माझं ऐकते पण. आणि दुसरं, ते गाईचं.

वाईची_मीनल

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही तिला "तू" म्हणता. मग डॉक्टरांचं बोलणं सांगताना कायम "तुम्ही" म्हणा, "तुमचा वॉल्व्ह बदलावा लागेल", आणि भाचा म्हणून बोलाल तेव्हाच "तू". तिला बाहेर आधी सांगून ठेवा, "मी 'तुम्ही' म्हणालो की डॉक्टर बोलतायत असं समज." मी बघितलंय, म्हाताऱ्या माणसांना हे लगेच कळतं. आणि तुमच्यावरही त्याचा वचक राहतो. तोंडातून "तू" निघालं की लगेच कळेल, आपण आता आपलं मत सांगायला लागलोय.

गाईचं मी माझं मत सांगते. डॉक्टर बोलले तर ते पोचवायचंच. धातूचा वॉल्व्ह बसवून जन्मभर गोळी घेणं हे जसं तिच्या आयुष्याचं आहे तसं गाईच्या ऊतीचा तुकडा छातीत असणं हेही तिच्याच आयुष्याचं आहे, किंबहुना तिच्यासाठी तेच जास्त मोठं असेल. तुम्ही ते गाळलंत आणि पुढं डिस्चार्जच्या कागदावरून किंवा वॉर्डातल्या शेजारच्या बाईकडून तिला कळलं, तर ती ऑपरेशनवर नाही, तुमच्यावर रागावेल, आणि तो राग बरोबर असेल.

माणदेशी_बापू

हे सगळं इंग्लंडात ठीक आहे. आमच्या वडिलांना पोटाचा कॅन्सर होता, आम्ही भावंडांनी ठरवून सांगितलं नाही, अल्सर आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर पण आमचेच, त्यांनी पण साथ दिली. वडील शेवटपर्यंत रानात जात होते, नातवंडांत रमले, शांतपणे गेले. सांगितलं असतं तर पहिल्याच महिन्यात हाय खाऊन गेले असते. प्रत्येक माणसाला सगळं कळलंच पाहिजे असा नियम कुणी केला? मामा ४० वर्षं संसार केलेला माणूस आहे, आत्याला कुणी ओळखत असेल तर तो. दुभाष्यानं एवढं ताठ राहून चालत नाही, शेवटी तू घरचाच आहेस.

वाईची_मीनल

बापू, तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोलणार नाही, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत आणि ते निभावलंत. फक्त दोन फरक दाखवते. तुमच्या वडिलांना काही निवडायचं नव्हतं, आत्याला निवडायचं आहे. अर्धी माहिती काढून घेतली की निवड तिची राहत नाही, ती मामांची होते. आणि सांगायचं की नाही हे घरानं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवणं वेगळं, दुभाष्यानं मधल्या मध्ये गाळणं वेगळं. दुसऱ्यात डॉक्टरांना पण माहीत नसतं की पेशंटपर्यंत काय पोचलं. ते समजतात तिला सगळं कळलंय, आणि त्यावर सही घेतात.

मामांसाठी एक मार्ग आहे. माणसाला न कळण्याचाही हक्क असतो, पण तो त्यानं स्वतः वापरायचा. आत्यालाच आधी विचारा, "डॉक्टर धोक्याचं बोलतील, तुला सगळं ऐकायचंय का, की मामांना ऐकू देत?" ती म्हणाली मला नको, तर डॉक्टरांना ते सांगा, ते मामांशी बोलतील. मग गाळणारे तुम्ही नाही.

सिस्टर_सुनंदा

मी हार्टच्या वॉर्डात नर्स होते, आता रिटायर्ड, इस्लामपूरला असते. नातेवाईक दुभाषी असला की आमच्या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

डॉक्टर विचारतात, रात्री किती उशा घेऊन झोपता? नातेवाइकाला वाटतं हा काय प्रश्न, तो पेशंटला न विचारताच म्हणतो "नॉर्मल, एक". पण आडवं झाल्यावर श्वास कोंडतो का, दोन-तीन उशा लावून बसल्यासारखं झोपावं लागतं का, यावरून हृदयामुळं फुप्फुसात पाणी किती साठतंय ते कळतं. तसंच रात्री दम लागून उठून बसावं लागतं का. म्हणून फालतू वाटलेला प्रश्न पण पेशंटला विचारायचाच, आणि उत्तर तिचंच द्यायचं. उत्तर माहीत असलं तरी.

आणि खेड्यातला माणूस आकड्यात बोलत नाही. "विहिरीवरनं घागर आणताना मधे दोनदा टेकवावी लागते, गेल्या दिवाळीला लागत नव्हती." हे जसंच्या तसं सांगा. नातेवाईक त्याचं "शी गेट्स टायर्ड" करून टाकतात. डॉक्टरला त्या घागरीतून जे कळतं ते टायर्डमधून नाही कळत. "छातीत कसंतरी होतं" म्हणाली तर त्याचं दुखणं करू नका, कसंतरीच सांगा, डॉक्टर पुढचं विचारतील.

आणि आमच्या बायका मोठ्या माणसासमोर "हं हं" करतात, ते "ऐकतेय" असतं, "समजलं" नसतं. डॉक्टरांना वाटतं होकार. तेवढं त्यांच्या कानावर घाला.

औषधाच्या रिकाम्या पाकिटांसकट सगळं पिशवीत न्या, काढा-चूर्ण पण. गोळीचं नाव तोंडी सांगण्यात गडबड होते, पाकीट समोर ठेवलं की प्रश्न मिटतो.

सांगलीवाला_७

मीनलताई, पहिल्या पुरुषाचं पटलं. पण एक विचारतो, शब्द अडला तर? वैद्यकीय शब्द तर ह्याला पण येणार नाहीत. मग मोबाईलवर बघायचं का?

वाईची_मीनल

अडला की थांबायचं आणि दोघांनाही सांगायचं. डॉक्टरांना इंग्रजीत, "हा शब्द मला कळला नाही, सोप्या भाषेत सांगाल का", आणि लगेच आत्याला मराठीत, "मला एक शब्द कळला नाही म्हणून मी त्यांना विचारलं". ही दुसरी ओळ लोक विसरतात. तिच्यासमोर तुम्ही आणि डॉक्टर इंग्रजीत बराच वेळ बोललात आणि तिला काहीच कळलं नाही तर ती समजते काहीतरी वाईट आहे आणि लपवतायत. उलटं पण तसंच, आत्याशी तुमचं चार वाक्यं झाली आणि डॉक्टरांना तुम्ही फक्त "येस" सांगितलं, तर त्यांना वाटणार हा आपलं काहीतरी चालवतोय.

कळलं नसताना कळल्यासारखं करून अंदाजानं बोलणं, हेच सगळ्यात घातक. चांगलं इंग्रजी येणाऱ्याकडूनच ते जास्त होतं, कारण त्याला थांबायला लाज वाटते.

आकडे आणि "जर" ही दोन ठिकाणं नीट जपा. आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना परत म्हणून दाखवा. टक्के आत्याला टक्क्यांत सांगू नका, "शंभर माणसांचं ऑपरेशन केलं तर" असं सांगा. आणि डॉक्टरांचं वाक्य "जर ठोके अनियमित राहिले तर गोळी चालू ठेवावी लागेल" असं असेल तर बोलता बोलता त्याचं "गोळी बंद होईल" असं सहज होतं, कारण आपल्याला तेच ऐकायचं असतं.

घाटमाथा_विटा

मंडळी, जाऊन आलो. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

आदल्या रात्री भावाच्या घरी आत्याला घेऊन बसलो. तू-तुम्हीचं सांगितलं, तिला लगेच कळलं. मग मीनलताई म्हणाल्या तसं विचारलं की धोक्याचं तुला ऐकायचं का. मामा तिथंच होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत्या म्हणाली, "माझ्या छातीचं मला नाही सांगणार तर कुणाला?" मामा उठून गॅलरीत गेले. नंतर तिनंच पिशवीतनं पुडी काढून दाखवली, गुडघ्याच्या गोळ्या, मामांना पण माहीत नव्हत्या.

आत गेल्यावर डॉक्टरांना सुरुवातीचं सगळं सांगितलं, ते म्हणाले छान, आणि खुर्ची वळवून आत्याकडे तोंड करून बसले. उशांचा प्रश्न आला! सिस्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी खरंच परस्पर उत्तर दिलं असतं. आत्या म्हणाली, "दोन उशा आणि वर घडी घातलेली वाकळ, आणि पहाटे उठून दारात जाऊन बसते." मी वाकळ म्हणजे जाड गोधडी असं सांगून तसंच सांगितलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं पहाटे म्हणजे दम लागून की सवयीनं. आत्या म्हणाली दम लागून. हे ती घरात कुणालाही बोलली नव्हती.

मग वॉल्व्हचं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनमध्ये तुमच्या तब्येतीच्या शंभर माणसांपैकी तीन-चार जण दगावू शकतात. मी वहीत लिहिलं, परत विचारून खात्री केली, आणि आत्याला तसंच सांगितलं, "तुमच्यासारख्या शंभर माणसांचं ऑपरेशन केलं तर तीन-चार जण वाचत नाहीत." माझा आवाज जरा हलला पण वाक्य पूर्ण केलं. आत्यानं विचारलं, "आणि नाही केलं तर?" मामा इतके दिवस ज्याला घाबरत होते त्यावर तिचा पहिला प्रश्न हा. डॉक्टर म्हणाले, दम वाढत जाईल, काही वर्षांत अंथरुणाला खिळाल, आणि मग ऑपरेशनचा धोका आजच्यापेक्षा जास्त असेल.

धातूच्या वॉल्व्हचं सांगितलं: जन्मभर वॉरफरिन किंवा असिट्रॉम, रक्ताची आयएनआर नावाची तपासणी वरचेवर, आकडा २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा, खाली गेला तर वॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. पालेभाजी बंद नाही करायची पण रोज साधारण सारखी खायची, एक दिवस ढीगभर मेथी आणि मग आठवडाभर काही नाही असं नको. गुडघ्याची गोळी बंद, त्याऐवजी दुसरी देऊ म्हणाले. आत्यानं तिथं एक विचारलं जे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं: "तो वॉल्व्ह घड्याळासारखा वाजतो म्हणे, वाड्यातल्या एकीच्या भावाला बसवलाय." डॉक्टर हसले, म्हणाले हो, काहींना शांत खोलीत टिकटिक ऐकू येते, बहुतेकांना सवय होते.

मग ऊतीचा. डॉक्टर "बोव्हाइन" म्हणाले. मी गाईच्या हृदयावरच्या आवरणाचा असं सांगितलं, डुकराचाही मिळतो हेही. आत्या एकदम गप्प. मग हळूच म्हणाली, "गाय मारून काढतात काय?" मी डॉक्टरांना तेच विचारलं, पहिल्या पुरुषात. त्यांनी जपून उत्तर दिलं, की खाण्यासाठी कापलेल्या जनावरांच्या ऊतीपासून कंपन्या बनवतात, वॉल्व्हसाठी म्हणून मारत नाहीत, तुमच्या श्रद्धेच्या बाबतीत मी काही सांगू शकत नाही, दोन्ही वॉल्व्ह चांगले आहेत आणि कोणताही निवडलात तरी मी तेवढ्याच मनापासून करेन. मी ते सगळं "तुम्ही" मध्ये सांगितलं. मला फार वाटत होतं की पुढं एक वाक्य जोडावं, "आत्या, ते औषधासारखंच असतं गं." नाही जोडलं.

डॉक्टर पुढं म्हणाले, तुमच्या वयात ऊतीचा घेतला आणि ठोके नियमित राहिले तर गोळी काही महिन्यांत बंद करता येते, पण इकोच्या वेळी ठोके अनियमित दिसले होते, ते तसेच राहिले तर ऊतीचा वॉल्व्ह असूनही गोळी चालू ठेवावी लागेल. मीनलताई, हाच तो "जर". मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या करून सांगितल्या, आणि डॉक्टरांना विचारलं की भाचा म्हणून बोलतोय, ठोके सुधारायची शक्यता किती. म्हणाले सांगता येत नाही, ऑपरेशनच्या वेळीच त्यावर पण काहीतरी करू, पण खात्री नाही. आत्याला पण सांगितलं की आत्ता मी माझा प्रश्न विचारला आणि हे उत्तर आलं.

शेवटी आत्या माझ्याकडे वळली, "तू सांग, तुला काय वाटतंय?" मी डॉक्टरांना सांगितलं, "त्या मला माझं मत विचारतायत." डॉक्टर म्हणाले द्या की, पण त्या आधी त्यांनी मला समजलेलं सांगावं. मग आत्यानं तिच्या शब्दांत सांगितलं, लोखंडाचा टिकतो पण गोळीला बांधून ठेवतो आणि तालुक्याला रक्त द्यायला जावं लागणार, गाईचा झिजतो आणि मी तोवर जगले तर परत छाती उघडायची, आणि गोळीतनं सुटका होईलच असं नाही. मी ते इंग्रजीत केलं. डॉक्टर म्हणाले बरोबर समजलंय.

मत मी दिलं नाही तिथं. म्हणालो घरी जाऊन बोलू. तिनं अजून ठरवलेलं नाही. दिंडीतल्या महाराजांना विचारते म्हणाली.

सिस्टर_सुनंदा

वाकळीपर्यंत पोचलं म्हणजे छान झालं. एक सांगते, संमतीच्या कागदावर सही घेतील त्या दिवशी तू एकट्यानं दुभाषी होऊ नको. हॉस्पिटलला आधीच सांगून ठेव की मराठी येणारं कुणीतरी स्टाफमधलं द्या आणि फॉर्म मराठीत आहे का विचार. नसेल तर तो ओळीनं ओळ वाचून समजावून मग सही. बऱ्याच फॉर्मवर समजावून सांगणाऱ्याची सही करायची जागा असते, ती सही घरच्या माणसानं केलेली मला बरी वाटत नाही.

माणदेशी_बापू

वाचलं. तुझ्या आत्याला ऐकायचं होतं, तिनं ऐकलं. माझ्या वडिलांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत आहे असं मी समजत होतो. तरी माझं मत तेच आहे, काही घरं अशी असतात. पण एक विचारतो मीनलताईंना, आत्या "तू सांग" म्हणाली तेव्हा यानं मत का दिलं नाही? तिनं मागितलं होतं. घरच्या माणसाचं मत नको तर भाचा कशाला नेला?

वाईची_मीनल

बापू, प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. माझं काम असतं तर मी मत दिलंच नसतं, मला ते द्यायचा अधिकारच नाही. पण तो भाचा आहे. मला वाटतं खोलीत नाही, बाहेर "तू" म्हणून बोलायला काहीच हरकत नव्हती, कदाचित द्यायलाही हवं होतं. आत एकाच तोंडातून डॉक्टरांचं आणि भाच्याचं दोन्ही आलं की तिला वेगळं करता येत नाही, एवढंच. बाहेर किती बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

घाटमाथा_विटा

बाहेर बोललो बापू, तिनं परत विचारलं तेव्हा. मला काय वाटतं ते सांगितलं, मामांनी त्यांचं सांगितलं, आमचं दोघांचं वेगळं आलं. ती ऐकून घेतेय.

एक व्यवहाराचं विचारायचं होतं. धातूचा ठरलाच तर ती आयएनआर तपासणी विट्यात होते का, की दरवेळी सांगली-मिरज गाठावी लागेल? तिच्या ठरवण्यात हे पण येणार आहे.

सिस्टर_सुनंदा

तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याच लॅब करतात, पीटी-आयएनआर म्हणून विचार, फोन करून खात्री कर आणि किती वेळात रिपोर्ट मिळतो ते पण. एकच लॅब धरून ठेवा, दरवेळी बदलू नका, आकड्यात फरक पडतो. सुरुवातीला फार वेळा लागते, मग महिन्यातून एकदा वगैरे. आकडा आला की डोस कोण सांगणार, बंगळूरचे डॉक्टर की इथले, ते आताच विचारून घे आणि फोनवर सांगणार असतील तर मराठीत कोण ऐकणार तेही ठरवा. गोळी अर्धी की पाव हे फोनवर ऐकायचं काम आत्याच्या घरात कुणाकडे तरी पक्कं असू दे.

रेखा_मिरज

त्यासाठी आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं, सासऱ्यांना पण हीच गोळी आहे. तारखेच्या चौकटीत आकडा आणि डोस लिहायचा, फोनवर ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं आणि मगच लिहायचं. मिरजेत कुठं तपासतो ते तुम्हाला व्यनि करते.